नफ्यातून प्रेफरन्स शेअरची परतफेड आणि कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह : अंबडमधील एका कंपनीचा हिशेब

अंबड_प्रेसशॉप

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. स्विचगिअर आणि वाहनांसाठी लागणारे पत्र्याचे सुटे भाग आम्ही बनवतो आणि कंपनीच्या हिशेबाचे काम मी पाहते. २०१६ मध्ये मोठी पॉवर प्रेस घेताना माझ्या आत्याने आणि तिच्या दोन मुलांनी मिळून ३० लाख रुपये दिले. ते कर्ज म्हणून न घेता कंपनीने त्यांना प्रत्येकी १०० रुपयांचे ३०,००० प्रेफरन्स शेअर दिले. लाभांश ८ टक्के, मुदत दहा वर्षे आणि परतफेड १० टक्के प्रीमियमने, अशा अटी आहेत. ३१ डिसेंबर २०२६ रोजी मुदत संपते, म्हणजे आत्याकडे एकूण ३३ लाख जायला हवेत.

३१ मार्च २०२६ च्या ऑडिट झालेल्या ताळेबंदात इक्विटी भांडवल ४० लाख, प्रेफरन्स भांडवल ३० लाख, जनरल रिझर्व्ह १२ लाख, नफातोटा खात्याची शिल्लक १६ लाख, सिक्युरिटीज प्रीमियम ५ लाख आणि जमीन व शेड यांच्या पुनर्मूल्यांकनाचा रिझर्व्ह २० लाख आहे. बँकेत चालू खात्यावर ९ लाख आणि मुदत ठेवींत २४ लाख आहेत.

रिझर्व्हची बेरीज ५३ लाख होते आणि हाताशी रोख ३३ लाख आहे, त्यामुळे परतफेडीत काही अडचण नाही असे मला वाटत होते. आता ऑडिटर सांगतात की आधी कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह तयार करावा लागेल. रोख तयार आहे, पैसे ज्यांचे त्यांना परत जात आहेत, मग हा रिझर्व्ह कशासाठी? त्यासाठी आणखी ३० लाख रुपये कुठून तरी उभे करावे लागणार आहेत का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त_बँकर

ताई, मी अनेक वर्षे लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहिली आहेत. परतफेडीचा रिझर्व्ह म्हणजे केवळ वहीतला आकडा नव्हे. पुढील वर्षात जी रक्कम देय आहे तिच्या १५ टक्के रक्कम ३० एप्रिलपूर्वी मुदत ठेवीत किंवा सरकारी रोख्यांत गुंतवून ठेवावी लागते. आपली ती तारीख उलटून गेलेली दिसते, तेव्हा ऑडिटरांशी ताबडतोब बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा ज्या बँकेकडे आहे, तिचे मंजुरीपत्र काढून वाचा. भागधारकांचे भांडवल परत करण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी, अशी अट त्यात बहुधा असते. शिवाय आपल्या २४ लाखांच्या ठेवींपैकी काही ठेवी बँक गॅरंटीच्या मार्जिनसाठी अडकलेल्या असतील, तर त्या आपल्याला मोडता येणार नाहीत. हे आधी तपासा.

जमाखर्च

बँकर साहेबांचा दुसरा परिच्छेद अगदी योग्य आहे आणि ताईंनी तो गांभीर्याने घ्यावा. पहिल्या परिच्छेदातील १५ टक्के गुंतवणुकीचा आणि ३० एप्रिलचा नियम मात्र डिबेंचरच्या परतफेडीचा आहे. प्रेफरन्स शेअरसाठी कंपनी कायदा २०१३ चे कलम ५५ लागू होते आणि त्यात अशी कोणतीही गुंतवणूक सांगितलेली नाही. कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्हसाठी, ज्याला मी पुढे सीआरआर म्हणेन, एक रुपयाही रोख लागत नाही. जनरल रिझर्व्ह किंवा नफातोटा खाते नावे टाकायचे आणि सीआरआर जमा करायचा, एवढीच ती नोंद असते.

मग तो कशासाठी, हा ताईंचा प्रश्न रास्त आहे आणि या साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. आज आपल्याला पत्रा उधारीवर देणारा व्यापारी किंवा कॅश क्रेडिट देणारी बँक आपल्या ताळेबंदात ७० लाखांचे भागभांडवल पाहते. कंपनी सुरू असताना हे ७० लाख मालक आपसांत वाटून घेऊ शकत नाहीत, या भरवशावर उधारी दिली जाते. आता समजा, सीआरआर न करता आपण आत्यांना पैसे दिले. बँकेतील रोख कमी झाली आणि प्रेफरन्स भांडवलाचे ३० लाख ताळेबंदातून गेले. पण नफातोटा खात्यातील आणि जनरल रिझर्व्हमधील शिल्लक, प्रीमियमची रक्कम सोडली, तर जशीच्या तशी राहिली. म्हणजे आपण ज्याला नफ्यातून परतफेड म्हणतो त्या परतफेडीने नफा खर्च झालेलाच नाही. तो वहीत अजूनही वाटण्याजोगा दिसतो आहे. उद्या संचालक मंडळाने तोच नफा इक्विटी भागधारकांना लाभांश म्हणून दिला, तर एकाच नफ्याच्या आधारावर कंपनीतून दोनदा पैसे बाहेर जातील आणि धनकोंसाठी ७० ऐवजी ४० लाखांचेच भांडवल उरेल.

सीआरआर ही दुसरी वाट बंद करतो. परत केलेल्या शेअरच्या दर्शनी मूल्याइतका नफा त्या खात्यात गेला, की कायदा त्याला भरणा झालेल्या भागभांडवलासारखेच वागवतो. त्यातून लाभांश देता येत नाही आणि तो कमी करायचा झाला, तर भांडवलकपातीची संपूर्ण प्रक्रिया, म्हणजे विशेष ठराव आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मान्यता, पार पाडावी लागते.

म्हणून ताई, आपल्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले तरच हिशेब जमेल. रोख कुठून येणार हा एक, आणि परतफेडीला कायद्याला मान्य असलेला आधार कोणता हा दुसरा. बँकेच्या कर्जातून रोख उभी राहील, पण आधार मिळणार नाही. नफ्यातून आधार मिळेल, पण तो नफा यंत्रांत आणि येणे रकमांत गुंतलेला असेल तर रोख मिळणार नाही. कायद्याने आधार दोनच मानले आहेत : लाभांश म्हणून वाटता येईल असा नफा, किंवा याच परतफेडीसाठी काढलेल्या नव्या शेअरचे पैसे.

आता आपल्या ५३ लाखांकडे पाहू. पुनर्मूल्यांकनाचे २० लाख हे जमिनीची किंमत कागदावर वाढवल्याने आलेले आहेत. त्यातून लाभांश देता येत नाही, म्हणून परतफेडीलाही ते उपयोगी नाहीत. सिक्युरिटीज प्रीमियमचे ५ लाखही लाभांशयोग्य नाहीत. उरतात जनरल रिझर्व्हचे १२ आणि नफातोटा खात्याचे १६, असे २८ लाख. दर्शनी मूल्य ३० लाख आहे. म्हणजे प्रीमियम बाजूला ठेवला तरी आपला आधार अपुरा आहे. रोख पुरेशी असूनही आपल्या ऑडिटरांनी थांबवले, त्याचे खरे कारण हे असावे.

देवळाली_वाचक

चर्चा उपयुक्त आहे, म्हणून माझा प्रश्न येथेच विचारतो. माझ्याकडे एका मोठ्या नोंदणीकृत कंपनीचे प्रेफरन्स शेअर आहेत आणि त्यांची परतफेड पुढील वर्षी आहे. तिच्या ताळेबंदात सीआरआर दाखवलेला आहे. माझे पैसे तेथे सुरक्षित बाजूला ठेवलेले आहेत असे मी समजावे का?

जमाखर्च

तसे समजू नये. आपल्याला दिसणारा सीआरआर हा पूर्वी परत केलेल्या एखाद्या शेअरमालिकेचा किंवा पूर्वीच्या शेअर पुनर्खरेदीचा असणार. आपल्या शेअरसाठीचा सीआरआर आपली परतफेड होताना तयार होईल, आणि तोही आपल्यासाठी नव्हे तर मागे राहणाऱ्या धनकोंसाठी. आपली परतफेड होण्याची शक्यता पाहायची असेल, तर त्या कंपनीचा वाटण्याजोगा नफा आणि हाती असलेली रोख पाहा. प्रेफरन्स शेअरधारक हा भागधारकच असतो. मुदत उलटली म्हणून तो कर्ज देणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये दिवाळखोरी संहितेच्या संदर्भात हीच भूमिका घेतली आहे.

सिन्नर_सीएस

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. जमाखर्च सरांनी मांडलेला पाया बरोबर आहे, पण २८ लाख हा आकडा अंतिम धरण्यापूर्वी मला ताईंकडून दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या शेअरवरचा २०२५-२६ चा लाभांश दिला आहे का, आणि नियमावलीत तो संचयी आहे का? तसेच सर्व ३०,००० शेअरचे पूर्ण १०० रुपये भरलेले आहेत का? एखाद्या शेअरवर शेवटचा हप्ता येणे असेल, तर तो शेअर पूर्ण भरला जाईपर्यंत त्याची परतफेड करता येत नाही. नातेवाइकांच्या व्यवहारात असा एखादा हप्ता राहून गेलेला मी पाहिला आहे.

प्रीमियमबद्दलही एक मुद्दा नोंदवते. ३ लाखांचा प्रीमियम सिक्युरिटीज प्रीमियम खात्यातून देता येईल का, यावर कलम ५५ ची भाषा थोडी अडचणीची आहे. ‘विहित केलेल्या वर्गातील आणि कलम १३३ खालील लेखामानके पाळणाऱ्या’ कंपन्यांनी प्रीमियम नफ्यातूनच द्यावा आणि इतरांनी नफ्यातून किंवा सिक्युरिटीज प्रीमियममधून द्यावा, असे ते कलम सांगते. लेखामानके तर सर्वच कंपन्यांनी पाळायची असतात, म्हणून सर्वांना पहिलाच नियम लागू होतो, असे बहुतेक ऑडिटर मानतात. पण ‘विहित केलेला वर्ग’ या शब्दांना काही अर्थ असलाच पाहिजे, आणि असा वर्ग स्वतंत्रपणे विहित केलेला नसेल, तर आपल्यासारख्या लहान कंपनीला ते ५ लाख वापरण्याची मुभा असावी, असे माझे मत आहे.

अंबड_प्रेसशॉप

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रोख आणि आधार यांतला फरक आता नीट लक्षात आला. सर्व शेअर पूर्ण भरलेले आहेत, पावत्या आणि बँकेच्या नोंदी मी तपासल्या. लाभांश संचयी आहे. २०२५-२६ चा लाभांश, म्हणजे २ लाख ४० हजार, अजून दिलेला नाही. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तो मंजूर करायचा आहे आणि ताळेबंदातील २८ लाखांतून तो वजा झालेला नाही.

चालू वर्षाच्या पहिल्या तिमाहीत आम्हाला सुमारे ४ लाख नफा झाला आहे आणि डिसेंबरपर्यंत तो आणखी वाढेल. तो या हिशेबात धरता येईल का? धरता आला तर तूट बरीच कमी होईल.

जमाखर्च

लाभांशाचा मुद्दा सीएस ताईंनी वेळेवर काढला. आता आकडे पुन्हा मांडतो.

वाटण्याजोगा नफा २८ लाख. त्यातून मागील वर्षाच्या लाभांशाचे २ लाख ४० हजार गेले आणि प्रीमियमचे ३ लाख गेले. उरले २२ लाख ६० हजार. सीआरआरमध्ये जास्तीत जास्त एवढीच रक्कम नेता येईल. दर्शनी मूल्य ३० लाख असल्याने बाकीचे ७ लाख ४० हजार नव्या शेअरमधून यायला हवेत. १० रुपयांचा इक्विटी शेअर दर्शनी किमतीलाच दिला, तर ७४,००० शेअर काढावे लागतील.

येथे एक खाचखळगा आहे. काही जण म्हणतात की शेअर २० रुपयांना द्या, म्हणजे ३७,००० शेअरमध्येच ७ लाख ४० हजार मिळतील. रोख तेवढीच मिळेल हे खरे, पण त्यातील निम्मी रक्कम सिक्युरिटीज प्रीमियममध्ये जाईल आणि भांडवल केवळ ३ लाख ७० हजारांनी वाढेल. सीआरआरची जागा भरून काढते ती नव्या शेअरची दर्शनी रक्कम, असे धरूनच हिशेब केला जातो. तेव्हा शेअर प्रीमियमने दिले तरी ७४,००० हा आकडा कमी होत नाही.

चालू वर्षाच्या नफ्याबाबत मी सावध सल्ला देईन. त्यावर ऑडिट झालेले नाही, घसारा आणि कराची तरतूद वर्षअखेरीस पूर्ण होईल, आणि तिसऱ्या तिमाहीत मागणी घटली तर आजचे ४ लाख मार्चमध्ये दिसतीलच असे नाही. ज्या नफ्याच्या आधारावर ३० लाखांचे भांडवल परत जायचे आहे, तो ऑडिट झालेल्या ताळेबंदातलाच असावा. एप्रिल ते डिसेंबर २०२६ या नऊ महिन्यांचा लाभांश १ लाख ८० हजार होतो. तो मात्र चालू वर्षाच्या नफ्यातून अंतरिम लाभांश म्हणून देता येईल, त्याला माझी हरकत नाही.

परतफेडीच्या दिवशीच्या नोंदी अशा होतील. जनरल रिझर्व्ह १२ लाख आणि नफातोटा खाते १० लाख ६० हजार नावे, सीआरआर २२ लाख ६० हजार जमा. नफातोटा खाते ३ लाख नावे, परतफेडीवरील प्रीमियम जमा. मग प्रेफरन्स भांडवल ३० लाख आणि परतफेडीवरील प्रीमियम ३ लाख नावे, प्रेफरन्स भागधारक ३३ लाख जमा. शेवटी प्रेफरन्स भागधारक नावे आणि बँक जमा. प्रीमियमची रक्कम सीआरआरमध्ये कधीही मिसळू नये. मी तपासलेल्या एका हिशेबात ३० ऐवजी ३३ लाखांचा सीआरआर केलेला होता. अशाने कंपनीचा ३ लाखांचा वाटण्याजोगा नफा विनाकारण गोठतो आणि तो सोडवायला न्यायाधिकरणाकडे जाण्याची वेळ येते.

सर्व बरोबर झाले की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. आधी इक्विटी ४० आणि प्रेफरन्स ३०, एकूण ७० लाख. नंतर इक्विटी ४७ लाख ४० हजार आणि सीआरआर २२ लाख ६० हजार, एकूण पुन्हा ७० लाख. ही बेरीज घटली असेल, तर धनकोंच्या वाट्याचे भांडवल बाहेर गेले आहे आणि नोंद चुकली आहे.

रोखीचे पाहिले तर ३३ लाख हाताशी आणि ७ लाख ४० हजार नव्या शेअरचे, असे ४० लाख ४० हजार होतात. जाणार ३३ लाख, २ लाख ४० हजार आणि १ लाख ८० हजार, म्हणजे ३७ लाख २० हजार. कंपनीकडे ३ लाख २० हजार उरतील. पगार आणि पत्र्याची बिले त्यात भागतील का, हे आपण पाहावे. आणि नफातोटा खात्यातील मागची शिल्लक शून्यावर येणार असल्याने, नवा नफा होईपर्यंत इक्विटीवर लाभांश देता येणार नाही, हेही घरात आधीच स्पष्ट सांगा.

निवृत्त_बँकर

१५ टक्क्यांचा नियम डिबेंचरचा आहे हे मान्य, दुरुस्तीबद्दल आभारी आहे. परंतु जमाखर्च यांच्या शेवटच्या परिच्छेदाला मी जास्त महत्त्व देईन. बँकेच्या नजरेने ७० लाखांची बेरीज कायम राहिली तरी रोख ठेवी २४ लाखांवरून जवळजवळ शून्यावर आल्या आहेत. चालू प्रमाण घसरले की पुढच्या नूतनीकरणात मर्यादा कमी होऊ शकते. सीआरआर भांडवल राखतो, खेळते भांडवल राखत नाही. मुदत ठेवी मोडण्यापूर्वी बँकेत जाऊन प्रत्यक्ष बोलावे.

सातपूर_लेखापाल

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी सातपूरमधील एका परदेशी समूहाच्या उपकंपनीत काम करतो. आमचे हिशेब इंड-एएस प्रमाणे आहेत आणि ठरावीक तारखेला परत करायचे प्रेफरन्स शेअर आम्ही भांडवलात नव्हे, तर दायित्वात दाखवतो. गेल्या परतफेडीच्या वेळी आमच्या वित्त विभागाचे म्हणणे होते की जे भांडवलच नाही ते परत केल्याने भांडवल घटत नाही, म्हणून सीआरआरची गरज नाही. हे मला तेव्हाही पटले नव्हते. योग्य काय आहे?

जमाखर्च

आपली शंका योग्य होती. इंड-एएस ३२ ताळेबंदात ती रक्कम कुठे दाखवायची हे ठरवते. पण कलम ५५ च्या दृष्टीने ते शेअर शेअरच राहतात आणि नफ्यातून परतफेड झाली की दर्शनी मूल्याइतका सीआरआर करावाच लागतो. फरक एवढाच की माझी भांडवलाच्या बेरजेची कसोटी आपल्या ताळेबंदावर थेट लावता येणार नाही. दायित्वात दाखवलेले प्रेफरन्स शेअर तिच्यात धरूनच ती पाहावी लागेल.

सिन्नर_सीएस

जमाखर्च सर, प्रीमियमबाबत आपण माझ्या मुद्द्याला उत्तर न देता सरळ नफ्यातून घेतले, म्हणून तो पुन्हा मांडते. सिक्युरिटीज प्रीमियममधून ३ लाख दिले, तर सीआरआरसाठी २५ लाख ६० हजार उपलब्ध होतात आणि नवे शेअर केवळ ४ लाख ४० हजारांचे लागतात. ७४,००० ऐवजी ४४,०००. कुटुंबाच्या कंपनीत कोणाकडे किती टक्के हा प्रश्न नाजूक असतो, त्यामुळे हा फरक लहान नाही.

जमाखर्च

आपले वाचन चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. त्या शब्दांमुळे शंका निर्माण होते हे खरेच आहे. पण ताईंच्या ऑडिटरांनी अहवालावर सही करायची आहे. हा मुद्दा पुढे कधी उपस्थित झाला, तर नफ्यातून दिलेल्या प्रीमियमवर कोणीही आक्षेप घेणार नाही, सिक्युरिटीज प्रीमियममधून दिलेल्यावर मात्र घेऊ शकेल. ३ लाखांसाठी मी तो धोका पत्करणार नाही. आपण आपल्या अशिलांना वेगळा सल्ला देत असाल, तर तो लेखी कायदेशीर मतासह द्यावा, एवढेच सुचवतो.

सिन्नर_सीएस

लेखी मताबाबत सहमत आहे, मूळ मुद्द्यावर नाही. तो येथेच सोडते.

एमकॉम_भाग२

मी बीवायके महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आहे आणि सध्या एम.कॉम. करत आहे. आम्हाला शिकवले आहे की सीआरआर वापरून बोनस शेअर देता येतात. मग ताईंच्या कंपनीने ७४,००० नवे शेअर पैसे घेऊन काढण्याऐवजी सीआरआरमधूनच बोनस द्यावा, म्हणजे भांडवल वाढेल आणि तूटही भरून निघेल, असे करता येणार नाही का?

जमाखर्च

बोनस देता येतो हे बरोबर, पण त्याने तूट भरत नाही. बोनस दिला की सीआरआर तेवढ्याने कमी होतो आणि इक्विटी भांडवल तेवढ्याने वाढते. बेरीज हलत नाही. तूट भरायची तर बाहेरून नवे भांडवल यायला हवे आणि त्यासाठी कोणीतरी पैसे भरले पाहिजेत.

परतफेड झाल्यावर काही वर्षांनी ताईंच्या कंपनीने २२ लाख ६० हजारांचा सीआरआर वापरून २,२६,००० पूर्ण भरलेले बोनस शेअर दिले, तर ते कायद्याला धरून होईल. पण सीआरआरची रक्कम अर्धवट भरलेल्या जुन्या शेअरचे हप्ते भरायला वापरता येत नाही, हे लक्षात ठेवा.

सिन्नर_सीएस

त्याला जोडून सांगते. बोनसनंतर इक्विटी ७० लाख होईल, तेव्हा अधिकृत भांडवल पाहावे लागेल. प्रेफरन्स शेअर परत केल्याने अधिकृत भांडवल कमी होत नाही. मात्र त्यातील प्रेफरन्सचा मोकळा झालेला भाग आपोआप इक्विटीचाही होत नाही, त्यासाठी मेमोरँडममध्ये बदल करावा लागतो.

अंबड_प्रेसशॉप

काल घरी सर्वांसमोर आकडे मांडले. आत्याचा धाकटा मुलगा म्हणतो की त्याला त्याच्या वाट्याची सर्व रक्कम रोखीने नको आहे, तो कंपनीतच राहायला तयार आहे. माझ्या काकांना मात्र इक्विटीत नवा भागीदार नको आहे. शिवाय बँकर काकांनी सांगितल्याप्रमाणे ठेवी तपासल्या, तर २४ पैकी ६ लाखांची ठेव खरोखरच बँक गॅरंटीच्या मार्जिनमध्ये अडकलेली निघाली. म्हणजे डिसेंबरमध्ये हाताशी ३३ नव्हे, २७ लाखच असतील. मंजुरीपत्रात लेखी संमतीची अटही आहे.

आत्येभावाला इक्विटीऐवजी नवे प्रेफरन्स शेअर दिले तर चालतील का? आणि उरलेल्या रोखीसाठी कॅश क्रेडिट वापरता येईल का?

जमाखर्च

नवे शेअर इक्विटीचेच असावेत असे कलम ५५ म्हणत नाही. आत्येभावांना ७ लाख ४० हजारांचे नवे प्रेफरन्स शेअर दिले, तर काकांची हरकत दूर होते आणि सीआरआर तोच २२ लाख ६० हजार राहतो. त्यांच्या परतफेडीच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, पण तोवर नफा साठवायला आपल्याला वेळ मिळेल. मुदत वीस वर्षांपर्यंत ठेवता येते, म्हणून ती कमी ठेवून पुन्हा घाई करू नका.

रोखीचा हिशेब आता बिघडला आहे. २७ आणि ७ लाख ४० हजार मिळून ३४ लाख ४० हजार येतील आणि ३७ लाख २० हजार जातील. २ लाख ८० हजार कमी पडतात, आणि त्यात दैनंदिन खर्च धरलेला नाही. कर्जातून रोख आणण्यास कलम ५५ ची आडकाठी नाही, कारण आधार नफ्याचा आणि नव्या शेअरचाच आहे. पण कॅश क्रेडिट कच्चा माल आणि येणे रकमांसाठी मंजूर झालेले असते. ते भागधारकांची परतफेड करायला वापरणे हा मंजुरीच्या अटींचा भंग ठरू शकतो.

निवृत्त_बँकर

वापरू नकाच. त्याऐवजी संमतीच्या अर्जातच हा सारा हिशेब जोडा आणि गॅरंटीची मुदत संपत असेल तर मार्जिनची ठेव मोकळी करून मागा. काम पूर्ण झालेले असूनही गॅरंटीचा मूळ कागद परत न केल्यामुळे ठेव अडकून पडते, असे वारंवार घडते. तो कागद ग्राहक कंपनीकडून परत मिळतो का, ते आजच विचारा.

सिन्नर_सीएस

क्रमाविषयी लिहिते, कारण तेथे चूक झाली तर आकडे बरोबर असूनही परतफेड सदोष ठरते. प्रथम बँकेची संमती. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मागील वर्षाचा लाभांश. त्यानंतर नव्या प्रेफरन्स शेअरचा विशेष ठराव, आणि हे शेअर जुन्या प्रेफरन्स शेअरच्या परतफेडीसाठीच काढले जात आहेत असे त्या ठरावात स्पष्ट शब्दांत लिहा. आत्येभावांकडून ७ लाख ४० हजार प्रत्यक्ष बँकेतून येऊ द्या. त्यांना द्यायची रक्कम आणि त्यांच्याकडून घ्यायची रक्कम परस्पर वळती केली, तर शेअरचे पैसे मिळाले होते का, असा प्रश्न पुढे उपस्थित होऊ शकतो. त्या शेअरचे वाटप ३१ डिसेंबरच्या आधी पूर्ण झालेले हवे. सीआरआरच्या नोंदीचा आणि परतफेडीचा संचालक मंडळाचा ठराव त्यानंतर करा. परतफेड झाल्यावर तीस दिवसांत कंपनी निबंधकांकडे एसएच-७ दाखल करा. भांडवल वाढले नाही म्हणून हा फॉर्म लागत नाही असे समजून अनेक जण तो सोडून देतात, पण परतफेडीलाही तो लागतो.

बँकेची संमती डिसेंबरपर्यंत आलीच नाही, तर मुदत उलटू देऊ नका. तीन-चतुर्थांश मूल्याच्या प्रेफरन्स भागधारकांची संमती आणि न्यायाधिकरणाची मान्यता घेऊन, देय रकमेइतके नवे प्रेफरन्स शेअर देण्याची वाट कलम ५५ मध्येच आहे. आपल्याकडे धारक तिघेच आणि घरचे असल्याने संमती अवघड नाही, पण मुंबई खंडपीठापुढचा अर्ज वेळ घेतो. त्याचा मसुदा ऑक्टोबरमध्येच तयार ठेवावा.

अंबड_प्रेसशॉप

गॅरंटीचा मूळ कागद पुण्याच्या ग्राहक कंपनीकडेच आहे आणि ते काम मार्चमध्ये पूर्ण झाले आहे. तो परत मागवण्याचे पत्र आज पाठवले. प्रीमियमचे ३ लाख कोणत्या खात्यातून जावेत, याबद्दल ऑडिटरांना दोन्ही मते दाखवली आहेत. त्यांचा कल नफ्याकडे आहे, पण सीएस ताईंचा मुद्दा वाचून त्यांनी दोन दिवस मागितले आहेत. बँकेच्या संमतीचा अर्ज सोमवारी देत आहे.